११५ चं व्हाउचर की १०० रोख? बटण दाबण्याआधी वाचायच्या ओळी

पत्र: आम्हा तिघांची विमान तिकिटं मी पाच महिन्यांपूर्वी एका बुकिंग साइटवरून काढली होती. प्रवासाला तीन आठवडे उरले असताना विमान कंपनीने ते उड्डाणच रद्द केलं. आता मेल आलाय: भरलेल्या रकमेच्या ११५ टक्क्यांचं व्हाउचर घ्या, नाही तर रिफंडसाठी अर्ज करा. ७२ तासांत काही कळवलं नाही तर व्हाउचर आपोआप दिलं जाईल, असंही लिहिलंय. घरचे म्हणतात, १५ टक्के जास्त मिळतायत तर सोडायचे कशाला? पुन्हा कधी जायचं ते अजून ठरलेलं नाही. अटी सोबत जोडल्या आहेत. मी वाचल्या, पण डोकं गरगरलं. काय करू?

उत्तर: रिफंड घ्या, आणि तसं आजच लेखी कळवा. तुमच्या जोडलेल्या अटी आम्ही ओळ न ओळ वाचल्या. त्या अटींसकट ते ११५ चं व्हाउचर १०० रोख रकमेच्या जवळपासही जात नाही. कसं, ते आकड्यांत मांडून दाखवतो, म्हणजे घरच्यांनाही समजावता येईल.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रद्द कोणी केलं? प्रवाशाने रद्द केलं तर त्याला तिकिटाच्या प्रकारानुसार जे काय परत मिळायचं तेवढंच मिळतं, आणि स्वस्त तिकिटात ते बहुतेक वेळा फारच थोडं असतं. कंपनीने रद्द केलं तर तिने विकलेली सेवाच दिली नाही, मग ‘नॉन-रिफंडेबल’ हा शिक्का तिथे लागू होत नाही. तो शिक्का तुमच्या माघारीसाठी आहे, त्यांच्या माघारीसाठी नाही. म्हणून उड्डाण रद्द झाल्याचा तो मूळ मेल जपून ठेवा. साइटवर ‘माझं बुकिंग’ या पानावर जाऊन स्वतः ‘रद्द करा’ हे बटण मात्र चुकूनही दाबू नका. ते दाबलं की नोंदीत ‘प्रवाशाने रद्द केलं’ असं येतं आणि परताव्याचा हिशेब तिकिटाच्या कडक नियमांवर जातो. रिफंडच्या तक्रारी अडकतात त्या अनेकदा इथेच, आणि नंतर ती नोंद बदलून घेणं फार जिकिरीचं असतं.

आता व्हाउचर. तुमच्या अटींतलं सहावं कलम म्हणतं: ‘हे क्रेडिट केवळ मूळ भाड्यासाठी वापरता येईल.’ आणि लगेच सातवं: ‘व्हाउचर एका बुकिंगसाठी एकदाच वापरता येईल, शिल्लक रक्कम रद्द समजली जाईल.’ ही दोन वाक्यं सुटी वाचली तर निरुपद्रवी वाटतात. एकत्र वाचली की त्यांचं वजन कळतं.

तुम्ही माणशी भरलेली रक्कम १०० धरू. तुमच्या पावतीत तिची फोड दिली आहे आणि साधारण हिशेब असा दिसतो: मूळ भाडं ७०, कर आणि विमानतळ शुल्क २२, सीट निवड आणि सामान ८. व्हाउचर मिळणार ११५ चं. समजा सहा महिन्यांनी तुम्ही हाच प्रवास याच दरात पुन्हा काढला. व्हाउचर मूळ भाड्याचे ७० भरेल. कर आणि सामानाचे ३० तुम्ही खिशातून भरणार. व्हाउचरमध्ये उरलेले ४५ सातव्या कलमाने तिथल्या तिथे गेले. म्हणजे ११५ च्या व्हाउचरने तुमचे ७० वाचवले. हातात १०० रोख असते तर तेच तिकीट एक पैसाही जादा न घालता आलं असतं.

घरचे म्हणतील, भाडी वाढतातच, तेव्हा व्हाउचर कामी येईल. तेही मोजून पाहू. मूळ भाडं ७० चं ८४ झालं, म्हणजे २० टक्क्यांनी वाढलं, आणि बाकीचे ३० तसेच राहिले. नवं तिकीट ११४ चं. रोख घेतली असेल तर १०० आहेत, वर १४ घालायचे. व्हाउचर घेतलं असेल तर ८४ व्हाउचरमधून आणि ३० खिशातून. भाडं इतकं वाढूनही व्हाउचर १६ नी महाग पडलं. दोन्ही पर्याय बरोबरीला येतात ते मूळ भाडं ७० वरून थेट १०० वर गेल्यावर, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ झाल्यावर. आणि जाहिरातीतला पूर्ण १५ चा फायदा पदरात पडायला मूळ भाडं ११५ किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. तुम्ही आधी घेतलं त्यापेक्षा खूप महागाचं तिकीट काढलंत तरच ते १५ तुमचे. हा हिशेब तुमच्या पावतीवरचे नेमके आकडे घालून एकदा करा. ‘मूळ भाडं’ असं लिहिलेली ओळ शोधायची, तिच्याहून जास्त जी काही रक्कम व्हाउचरमध्ये असेल ती धोक्यात आहे असं समजायचं.

मुदतीचं कलम तर याहून वाईट आहे, आणि मेलमध्ये ते ‘पूर्ण १२ महिने’ या दोन गोड शब्दांत गुंडाळलंय. अटींमध्ये नेमकं वाक्य असं: ‘मूळ बुकिंगच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत प्रवास पूर्ण झालेला असावा.’ मुदतीबद्दल कुठल्याही व्हाउचरमध्ये दोन प्रश्न विचारायचे असतात: बारा महिने कुठून मोजायचे, आणि तेवढ्या वेळात करायचं काय? मोजणी व्हाउचर मिळाल्याच्या दिवसापासून असू शकते, मूळ प्रवासाच्या तारखेपासून असू शकते किंवा मूळ बुकिंगपासून. तुमची शेवटची, सगळ्यात आखूड. बुकिंगला पाच महिने होऊन गेलेत, म्हणजे हातात सातच उरले. आणि त्या सातांत नुसतं तिकीट काढून भागत नाही, परतीचा प्रवाससुद्धा उरकायला हवा. ‘बुकिंग १२ महिन्यांच्या आत’ एवढीच अट असती तर गोष्ट वेगळी होती. विमान कंपन्या साधारण अकरा महिने पुढची तिकिटं विकतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात तिकीट काढूनही प्रवास जवळजवळ वर्षभर पुढे नेता आला असता. एका शब्दाने सात महिने आणि अठरा महिने इतका फरक पडतो. कधी जायचं ते तुमचं ठरलेलं नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हे एकच कलम निर्णय करायला पुरेसं आहे.

याच्याच शेपटाला आणखी एक ओळ आहे: व्हाउचरवर काढलेलं नवं तिकीट रद्द झालं तर रक्कम ‘मूळ मुदतीसह’ पुन्हा व्हाउचरमध्ये जाईल. आणि ते कोणी रद्द केलं तर, हे लिहिलेलंच नाही. कंपनीनेच दुसऱ्यांदा उड्डाण रद्द केलं आणि मुदत संपायला पंधरा दिवस उरले असतील, तर तुमच्या हातात पंधरा दिवसांचं व्हाउचर. रोख रकमेला हा धोका नसतो.

तिघांचं म्हणाल तर, व्हाउचर तीन वेगवेगळी निघणार आहेत, ज्याच्या त्याच्या नावावर, अहस्तांतरणीय. सात महिन्यांत तिघांपैकी एकाला रजा नाही मिळाली, परीक्षा आली, आजारपण आलं, तर त्याचा तिसरा हिस्सा दुसऱ्या दोघांना वापरता येणार नाही. पैसे एकानेच भरले होते, पण व्हाउचर त्याच्याकडे येत नाही, हेही ध्यानात घ्या. रिफंड मात्र ज्याने पैसे भरले त्याच्याच खात्यात जातो.

बाकी सगळ्या अटी नजरेआड झाल्या तरी चालतील, पण शेवटून दुसरं कलम चुकवू नका: ‘व्हाउचर स्वीकारल्यास मूळ बुकिंगसंबंधीचे सर्व दावे पूर्णतः व अंतिमतः निकाली निघाले असे समजले जाईल.’ याचा अर्थ, होकार दिल्यावर रिफंडचा हक्क संपला, आणि रिफंडबरोबर येऊ शकणारी नुकसानभरपाईही संपली. हे दोन हक्क वेगळे आहेत. काही देशांत उड्डाण फार आयत्या वेळी रद्द केलं तर तिकिटाच्या पैशांशिवाय वेगळी भरपाई द्यावी लागते. तीन आठवडे आधी कळवल्यामुळे तुमच्या बाबतीत तसा दावा बहुधा बसणार नाही, पण तुमच्या जागी आयत्या वेळी कळवलेला कोणी असता तर हे वाक्य त्याला फार महाग पडलं असतं. कार्डाच्या बँकेकडे तक्रार नेली तरी कंपनी तुमच्या होकाराची नोंद दाखवते आणि प्रकरण बंद होतं.

आता घरच्यांच्या म्हणण्यालाही न्याय देऊ. समजा यातलं एकही कलम नसतं, व्हाउचर करांसकट सगळ्याला चालतं, उरलेली रक्कम टिकते, नाव बदलता येतं, मुदत ऐसपैस आहे. मग १०० रोख सोडून ११५ घ्यावं का? तेव्हा प्रश्न एवढाच: ते व्हाउचर पूर्ण वापरलं जाण्याची तुम्हाला किती खात्री आहे? १०० ला ११५ ने भागलं की ८७ टक्के येतात. खात्री त्याहून कमी असेल तर रोख बरी. वाढीव रक्कम १० टक्केच असेल तर खात्री ९१ टक्के हवी, २५ टक्के असेल तर ८० पुरे. शिवाय व्हाउचर फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवर चालतं, जिथे कूपनं आणि सवलती त्याच्यासोबत लागत नाहीत. तेच तिकीट इतरत्र ८ टक्क्यांनी स्वस्त मिळत असेल, तर ११५ ची खरी किंमत साधारण १०६ आणि हवी असलेली खात्री ९४ टक्के. पुढच्या महिन्यात याच कंपनीच्या विमानाने जायचंच आहे, तारीख ठरली आहे, अशा माणसाने असलं स्वच्छ व्हाउचर बेलाशक घ्यावं. ‘कधीतरी जाऊच’ या भरवशावर मात्र घेऊ नये.

यात कंपनी टिकेल का हा प्रश्नही येतो. व्हाउचर म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेलं बिनतारण कर्ज. ती बुडाली तर घेणेकऱ्यांच्या रांगेत व्हाउचरवाले बऱ्याच मागे उभे असतात आणि त्यांच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. भरपूर उड्डाणं एकदम रद्द करून वाढीव व्हाउचरचा आग्रह धरणारी कंपनी पैसे हातचे जाऊ नयेत म्हणून तसं करत असते. वाढीव टक्का जितका मोठा, तितकं हे जास्त गांभीर्याने बघा.

‘काही कळवलं नाही तर व्हाउचर आपोआप’ या ओळीने घाबरू नका, पण ती कानाआडही करू नका. नियम बहुतेक ठिकाणी तुमच्या बाजूचे आहेत. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार रद्द उड्डाणाचे पैसे सात दिवसांत परत करायचे असतात आणि रोख किंवा बँकेऐवजी व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सहीनिशी संमती लागते. अमेरिकेत २०२४ पासून, प्रवाशाने पर्याय स्वीकारला नसेल तर रिफंड न मागताच द्यावा लागतो: क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे कामकाजाच्या सात दिवसांत, इतर मार्गाने भरलेले २० दिवसांत. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो की रक्कम क्रेडिट म्हणून ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने ती आपोआप तशी ठेवायची नाही. तुमचं उड्डाण कुठून निघणार होतं आणि कंपनी कुठली, यावरून कोणता नियम लागतो ते ठरतं. गप्प राहणं म्हणजे संमती, हे यांपैकी कुठेही धरलेलं नाही. तरीही तुम्ही लेखी नकार दिलेला असेल तर पुढे वाद घालायला जागाच राहत नाही.

रिफंड निवडला म्हणजे अटी संपल्या असंही नाही. पहिली पाहायची ती ही, की ‘रिफंड’ कुठे जमा होणार. काही साइटवर ‘तात्काळ रिफंड’ आणि ‘मूळ खात्यात रिफंड’ असे दोन पर्याय दिसतात. तात्काळवाला बहुतेकदा त्याच साइटच्या वॉलेटमध्ये जातो, तिथून बँकेत काढता येत नाही आणि कधी कधी त्यालाही मुदत असते. नाव रिफंडचं, पण ते व्हाउचरच. तुम्हाला हवेत ते ‘मूळ भरणा मार्गाने’. ते कार्ड आता बंद झालं असेल तर रिफंड नाकारू नका. पैसे त्याच बँकेत जातात आणि बँक ते तुमच्या दुसऱ्या खात्यात वळवते. फक्त बँकेला आधी कळवून ठेवा.

दुसरी, वजावट. मेलमध्ये ‘पूर्ण रिफंड’ असलं तरी साइटची सेवा फी, पेमेंट गेटवेची फी आणि स्वतंत्र विकलेला विमा बऱ्याचदा त्यात धरलेला नसतो. सीट आणि सामानाचे पैसेही वेगळी पावती असेल तर मागे राहतात. उड्डाण कंपनीने रद्द केलंय, म्हणून सीट आणि सामान हे तुम्ही नावं घेऊन मागायचं. साइटची सेवा फी परत न देण्याची अट तुम्ही बुकिंग करताना मान्य केली असेल, तर ती मिळवणं अवघड आहे. विम्याचं पानही एकदा उघडून पाहा, कारण प्रवास झालाच नाही तर काही पॉलिसींत हप्ता परत मिळतो. बुकिंग करताना पॉइंट किंवा कूपन लावलं असेल तर पॉइंट पॉइंटांतच परत येतात आणि कूपन बहुधा येतच नाही. परकीय चलनात भरलं असेल तर रिफंडच्या दिवशीच्या दराने रक्कम थोडी पुढेमागे होते. ती चूक नसते. हप्त्यांवर घेतलं असेल तर आजवरचं व्याज कोण सोसणार ते बँकेला विचारा, ते विमान कंपनीच्या रिफंडमध्ये येत नाही.

तुमच्या बाबतीत गुंता वाढवणारी खरी बाब म्हणजे मधली बुकिंग साइट. कार्डाचं स्टेटमेंट काढा आणि पाच महिन्यांपूर्वीच्या त्या नोंदीपुढे कोणाचं नाव आहे ते बघा. विमान कंपनीचं असेल तर पैसे थेट तिच्याकडे गेलेत आणि ती थेट परत करू शकते. साइटचं असेल तर रिफंड आधी कंपनीकडून साइटला आणि मग साइटकडून तुम्हाला येणार. मधल्या काळात कंपनी सांगते ‘आम्ही दिले’ आणि साइट सांगते ‘आम्हाला मिळाले नाहीत’. अशा वेळी दोघांकडे एकच गोष्ट मागा: रिफंडची तारीख आणि संदर्भ क्रमांक. कार्डाच्या रिफंडला २३ अंकी एआरएन क्रमांक असतो. तो मिळाला की तुमची बँक पैसा कुठवर पोहोचला ते शोधू शकते. कोणी ‘रिफंड झाला’ म्हणतं पण एआरएन देत नाही, तर बहुतेक वेळा तो अजून निघालेलाच नसतो.

आज करायचं ते एवढं. अटींचं पान आणि मेलमधले दोन्ही पर्याय तारखेसकट दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, कारण अटींचं पान नंतर बदलू शकतं. मग रिफंडचा अर्ज भरा. तो साइटकडे भरायचा असेल तरी हा मजकूर कंपनी आणि साइट दोघांना एकाच मेलवर पाठवा:

‘बुकिंग क्रमांक अमुक. आपण हे उड्डाण अमुक तारखेला रद्द केल्याचं कळवलं आहे. मी व्हाउचर स्वीकारत नाही. ते आपोआप देऊ नये. तीनही प्रवाशांच्या तिकिटांची पूर्ण रक्कम, कर, सीट निवड आणि सामानाच्या शुल्कासह, मूळ भरणा मार्गाने परत करावी. कोणतीही वजावट होणार असल्यास तिची फोड आणि तिचा आधार असलेलं कलम कळवावं. रिफंड केल्यावर तारीख आणि एआरएन क्रमांक द्यावा.’

फोनवर बोलायचंच झालं तर बोला, पण फोनवरचा ‘हो’ ही सुद्धा संमती धरली जाते. समोरचा ‘तोपर्यंत क्रेडिट करून ठेवतो, नंतर बदलता येईल’ असं सुचवेल. ‘नको’ म्हणा आणि त्याच दिवशी तेवढं मेलवर कळवा. क्रेडिटचं नंतर रोख करणं जवळजवळ कुठल्याच अटींत बसत नाही.

कंपनीने सांगितलेली मुदत उलटली आणि पैसे आले नाहीत, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत खेचून घ्या. कारण द्या: ‘सेवा मिळाली नाही’. वर उल्लेखलेले कागद सोबत द्या. कार्ड नेटवर्कांत यासाठी साधारण १२० दिवसांची खिडकी असते आणि ती केव्हापासून मोजायची ते प्रकारानुसार बदलतं, म्हणून ‘अजून दोन आठवडे थांबा’ असं तिसऱ्यांदा ऐकलं की थांबू नका, बँकेला तारीख विचारा. कंपनीकडे अर्ज न करता थेट चार्जबॅक करणं मात्र चुकीचं. बँक पहिला प्रश्न तोच विचारते की दुकानदाराकडे मागितले का.

कधी व्हाउचरच घ्यावं लागतं. उद्या एखादं नॉन-रिफंडेबल तिकीट तुम्ही स्वतः रद्द केलंत आणि रिफंड म्हणून फक्त २२ कर परत मिळणार असतील, तर तुलना १०० शी नाही, २२ शी करायची. तेव्हा पूर्ण रकमेचं साधं व्हाउचर, वापरायची शक्यता निम्मी असली तरी, फायद्याचं. अशा वेळी मागण्या कराव्यात आणि त्या कराव्यात होकाराच्या आधी: मुदत व्हाउचरच्या तारखेपासून, करांनाही लागू, उरलेली रक्कम टिकावी, नाव बदलता यावं. या अवास्तव मागण्या नाहीत. मे २०२० मध्ये युरोपीय आयोगाने दिलेल्या शिफारशीत व्हाउचरची मुदत किमान १२ महिने असावी आणि न वापरलेल्याचे पैसे परत मिळावेत, असं म्हटलं होतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात टाळेबंदीतल्या क्रेडिटबद्दल याहून पुढे जाऊन सांगितलं: ते दुसऱ्याला देता यावं, उशीर होईल तशी त्याची किंमत दर महिन्याला वाढत जावी, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत न वापरलेली रक्कम परत करावी. ते आदेश त्या काळापुरते होते, पण चांगलं व्हाउचर कसं दिसतं ते त्यातून कळतं. तुमच्या जोडलेल्या अटींशी ते ताडून पाहा.

तुमचा मेल पोहोचूनही व्हाउचरचा कोड आलाच, तर तो कुठेही टाकून पाहू नका, अगदी ‘शिल्लक किती’ एवढं बघायलाही नाही. काही साइटवर कोड खात्यात जोडला की तो स्वीकारला असं धरतात. आलेल्या मेलला त्याच दिवशी उत्तर द्या: ‘अमुक तारखेच्या माझ्या मेलने मी हे नाकारलं आहे, कृपया रद्द करून रिफंड करावा.’ आणि ते उत्तर, मूळ नकार, दोन्हीची प्रत बँकेसाठीच्या कागदांत ठेवा.